विज्ञान की वाणिज्य? गुणपत्रिका पुन्हा एकदा वाचा

२०२५ साली १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला आणि नंदुरबार जिल्ह्यातील पालकांसमोर एक नवी गोष्ट येऊन उभी राहिली. तोपर्यंत अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची कटकट मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. शहादा, तळोदा, नवापूर येथील पालक मुलाला घेऊन महाविद्यालयात जात, अर्ज भरीत, आणि महिनाभराने मन बदलले तर प्राचार्यांना भेटून काही मार्ग निघतो का ते पाहत. त्या वर्षी ही प्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. संगणकासमोर बसून एक ते दहा पसंतीक्रम द्यायचे, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यायचाच. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. ज्या घरात शाखेचा निर्णय झालेला नव्हता, त्या घराला विचारासाठी मिळणारा अवधी या एका नियमाने आखडला.

अशा वेळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येते. “काय व्हायचे ते ठरले नाही ना? मग विज्ञान घे. सगळे रस्ते मोकळे राहतात.” शिक्षक हेच सांगतात, नात्यातील शिकलेला मामा हेच सांगतो, आणि निकालाच्या दिवशी पाड्यावरचा पालक ज्याच्या दारात सल्ल्यासाठी येतो तो कार्यकर्ताही बहुधा हेच सांगतो. हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे, आणि त्याचा न सांगितलेला अर्धा भाग नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विशेष महागात पडू शकतो.

खरा अर्धा भाग

प्रथम या सल्ल्यातील सत्यांश पाहू. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. वैद्यकीय शाखांसाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे. औषधनिर्माणशास्त्राची पदवी, वास्तुशास्त्र, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल व वायुदल या सर्व ठिकाणी विज्ञान शाखेतील काही विशिष्ट विषयांची अट आहे. उलट बाजूला तशी अट जवळजवळ नाही. सनदी लेखापाल, म्हणजे सी.ए. होण्यासाठीची फाउंडेशन परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास देता येते. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, बी.बी.ए. व बी.सी.ए. यांना शाखेचे बंधन नाही. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेसारख्या परीक्षा आणि बँकांची भरती पदवी मागतात, आणि ती बहुतांशी कोणत्याही शाखेची चालते.

अर्थात विज्ञानातून वाणिज्याकडे जाणारा रस्ता रुंद आहे, आणि वाणिज्यातून विज्ञानाकडे येणारा अगदी अरुंद. तो पूर्णतः बंद आहे असे नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्रादी विषय उत्तीर्ण करणाऱ्यांनाही नीट परीक्षेसाठी पात्र धरले. परंतु दोन वर्षे पुस्तपालन केलेल्या मुलाने नंतर एकट्याने भौतिक, रसायन व जीवशास्त्र नव्याने शिकून नीटला बसणे हे कागदावर शक्य असले, तरी व्यवहारात फारच थोड्यांना जमणारे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील कडेकोट भिंती नकोत असे म्हटले आहे खरे. पण जोवर पुढील अभ्यासक्रम विशिष्ट विषयांची पात्रता मागतात, तोवर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती भिंत उभीच आहे.

म्हणून अनिश्चित विद्यार्थ्याला विज्ञान सुचविले जाते, हे समजण्यासारखे आहे. प्रश्न पुढेच सुरू होतो.

दार उघडे ठेवणारी गोष्ट

फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या बारावी परीक्षेत राज्यात विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के लागला आणि वाणिज्य शाखेचा ९२.६८ टक्के. हे आकडे पाहून कुणाही पालकास वाटेल की विज्ञान अवघड असल्याची केवळ आवई आहे. प्रत्यक्षात हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, कारण विज्ञानाकडे जाणारी मुले मुळातच दहावीला बऱ्या गुणांची असतात. शिवाय भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांत १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे आहेत, आणि ते बहुधा सढळ हाताने मिळतात. ३० पैकी २५ गुण तेथे मिळाले, तर उत्तीर्ण होण्यास लागणाऱ्या ३५ पैकी लेखी परीक्षेतून मिळवायचे अवघे १० उरतात. विज्ञान शाखेत उत्तीर्ण होणे कठीण नाही, ही गोष्ट खरी आहे.

परंतु उत्तीर्ण होण्याने दार उघडत नाही. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेचे उदाहरण घ्यावे. तेथे बारावीला ठरावीक विषयांत खुल्या गटास ४५ व राज्यातील राखीव गटांस ४० टक्के गुण हवेत, पण ही केवळ पात्रता झाली. कोणते महाविद्यालय आणि कोणती शाखा मिळणार, हे ठरते प्रवेश परीक्षेतील क्रमावर. त्या परीक्षेत एकूण २०० गुण. त्यांतील १०० एकट्या गणिताचे, उरलेले भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी ५०. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. नीटची रचना वेगळी आहे. तेथे ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, पण उरलेले निम्मे भौतिक आणि रसायनाचेच.

म्हणजे ‘रस्ते मोकळे राहतात’ याचा नेमका अर्थ असा होतो : ज्याला गणित व भौतिकशास्त्र पेलते, त्याचे रस्ते मोकळे राहतात. ज्याला ते पेलत नाही, तो विज्ञान शाखेत असूनही अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन्ही दारांच्या बाहेरच राहतो. भर म्हणून दोन वर्षांत त्याचा हात पुस्तपालनालाही लागलेला नसतो. बारावी विज्ञानला जेमतेम ५० टक्के मिळवून वाणिज्य पदवीकडे वळणारा विद्यार्थी त्या वर्गात इतरांहून दोन वर्षे मागे असतो. नावे आणि जमा म्हणजे काय, येथून त्याची सुरुवात होते. सी.ए. फाउंडेशनच्या चार विषयांपैकी लेखाशास्त्र त्याला संपूर्ण नवे असते. आणि ही परीक्षा काही सोपी नाही. अलीकडील अनेक सत्रांत पाचातील जेमतेम एक परीक्षार्थी उत्तीर्ण झालेला दिसतो.

शाखेचे नाव काहीच उघडे ठेवीत नाही. उघडे ठेवते ते त्या शाखेतील गणित. म्हणून अनिश्चित विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न ‘मोठेपणी काय होणार’ हा असू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे उत्तर ठाऊक नसणे हे स्वाभाविक आहे, त्यात त्याचा दोष नाही. पहिला प्रश्न असा हवा की, पुढची दोन वर्षे याला कोणते काम रोज तीन तास करता येईल? आणि या प्रश्नाचे उत्तर भविष्यात शोधावे लागत नाही. ते बरेचसे हाती आलेल्या गुणपत्रिकेत असते.

गुणपत्रिका काय लपविते

उदाहरणादाखल शहादा तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थिनी कल्पावी. तिचे गुण असे : मराठी ८४, हिंदी ८२, इंग्रजी ६६, गणित ७२, विज्ञान ७६, सामाजिक शास्त्रे ८०. आपल्या मंडळाच्या पद्धतीनुसार सहा विषयांपैकी उत्तम पाच धरून टक्केवारी काढली जाते. उत्तम पाचांची बेरीज ३९४, म्हणजे ७८.८ टक्के. घरात पेढे वाटले जातात, आणि ७८ टक्क्यांची मुलगी विज्ञानालाच जाणार हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

आता हीच गुणपत्रिका दुसऱ्यांदा वाचावी. उत्तम पाच विषयांतून जो एक विषय गळला, तो इंग्रजी. टक्केवारीत त्याची खूणही उरली नाही. पण राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत अकरावी-बारावीचे अध्यापन आणि परीक्षा प्रायः इंग्रजीतून होतात. म्हणजे पुढील दोन वर्षे ज्या भाषेतून सर्व काही शिकायचे, नेमकी तीच भाषा टक्केवारीने झाकून टाकली. वाणिज्य शाखेत मात्र पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय मराठीतून शिकता येतात व मराठीतून लिहिता येतात. ज्या जिल्ह्यात घरी भिलोरी, पावरी, अहिराणी किंवा गुजरी बोलली जाते आणि शाळेची प्रमाण मराठी हीच मुलाची दुसरी भाषा असते, तेथे इंग्रजी ही त्याची तिसरी किंवा चौथी भाषा होय. पुण्यातील किंवा नाशिकमधील सेमी-इंग्रजी वर्गातून आलेल्या मुलाला ही पायरी जाणवतही नाही. धडगावच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलापुढे मात्र ती छातीएवढी उंच असते.

दुसरी गोष्ट अंतर्गत गुणांची. दहावीच्या गणितात ८० गुण लेखी व २० अंतर्गत मूल्यमापनाचे, विज्ञानातही तसेच. अंतर्गत गुण बहुतेकांना १८ ते २० मिळतात. या मुलीच्या गणितातील ७२ मधून १९ वजा केले, तर लेखी परीक्षेत तिला ८० पैकी ५३, म्हणजे सुमारे ६६ टक्के मिळाले. विज्ञानातील ७६ मधून २० वजा जाता ८० पैकी ५६, म्हणजे ७० टक्के. इंग्रजीत १८ वजा जाता ४८, म्हणजे ६०. आता चित्र बदलले. ७८ टक्क्यांची वाटणारी मुलगी विज्ञान शाखेला लागणाऱ्या तीन विषयांत ६० ते ७० टक्क्यांची आहे. हे वाईट नाही, पण ‘सगळे मोकळे आहे’ असेही नाही. हिने विज्ञान घ्यावे की नाही, हे या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी आणखी एक पाऊल टाकावे लागते.

तीन आठवड्यांची चाचणी

निकाल आणि पसंतीक्रम भरण्याची अखेरची तारीख यांच्यात थोडे दिवस मिळतात. परीक्षा मार्चमध्ये संपते हे लक्षात घेतले, तर निकालापूर्वीचे दोन महिने त्याहून उपयोगी. या काळात मुलाला लग्नसराईत किंवा संगणकाच्या एखाद्या वर्गात गुंतविण्याऐवजी अकरावीची चार पुस्तके त्याच्या हाती द्यावीत : भौतिकशास्त्र, गणित, पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. वरच्या वर्गातील मुलांकडून जुनीही मिळतात.

पहिले दहा दिवस विज्ञान शाखेचे. गणितातील कोन व त्याचे मापन हे पहिले प्रकरण आणि भौतिकशास्त्रातील पहिली तीन प्रकरणे पुरेशी आहेत. तेथे सदिश राशी येतात आणि दहावीचे भौतिक व अकरावीचे भौतिक यांतील अंतर तेथेच कळते. प्रकाशा येथे तापी ओलांडणाऱ्या नावेचे गणित घ्यावे. नाव पैलतीराच्या दिशेने ताशी ४ किलोमीटर वेगाने वल्हविली जाते, प्रवाह ताशी ३ किलोमीटरचा आहे. पात्र ४०० मीटर रुंद धरले, तर नाव किती वेळात पलीकडे जाईल आणि प्रवाहाबरोबर किती खाली वाहत जाईल? उत्तर सहा मिनिटे व ३०० मीटर. नावेचा काठावरून दिसणारा वेग मात्र सातही नाही आणि चारही नाही. तो पाच आहे. येथे मुलाचा चेहरा पाहावा. ‘पाच कसा?’ असे तो विचारतो, की ‘सूत्र कोणते?’ असे विचारतो? पहिला प्रश्न विचारणाऱ्याला विज्ञान पेलण्याची शक्यता बरीच अधिक.

पुढचे दहा दिवस वाणिज्याचे. पुस्तपालनातील द्विनोंदी पद्धत आणि रोजकीर्द ही प्रकरणे घ्यावीत. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा एक व्यापारी ५०,००० रुपयांची मिरची उधारीवर घेतो आणि ६५,००० रुपयांस विकतो. त्यांतील २५,००० रोख मिळतात, बाकी उधार. इतर खर्च सोडून देऊ. त्याला नफा १५,००० झाला. पण शेतकऱ्याचे ५०,००० द्यायचे आहेत आणि तिजोरीत २५,०००च आहेत. नफा झालेला माणूस देणे फेडू शकत नाही, हे कसे? जो विद्यार्थी कागद ओढून घेतो, येणे ४०,००० एका बाजूला आणि देणे ५०,००० दुसऱ्या बाजूला मांडून पाहतो, त्याला हा विषय बोलावतो आहे. ज्याला हे केवळ आकडे भरण्याचे काम वाटते, त्याने ‘वाणिज्य सोपे असते’ या समजुतीवर तिकडे जाऊ नये. पुस्तपालनात पाठांतर थोडे आणि शिस्त फार लागते. एक नोंद चुकली की शेवटी ताळा जुळत नाही.

आता निवाडा कसा करावा? प्रकरणाखालील उदाहरणांपैकी निम्मी तरी कोणाच्या मदतीविना सुटली का, हे पाहावे. दोन दिवसांनी तीच उदाहरणे पुन्हा द्यावीत. जी सुटली नाहीत, ती मुलाला त्याच्या बोलीत किंवा सोप्या मराठीत समजावून सांगावीत. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मराठीत सांगताच उदाहरण सुटले, तर अडसर भाषेचा आहे. मराठीत सांगूनही सुटले नाही, तर अडसर गणिताचा आहे. दोन्ही अडसर गुणपत्रिकेत सारखेच दिसतात, पण त्यांचे उपाय एक नाहीत. भाषेचा अडसर बहुधा सहा-आठ महिन्यांच्या नेटक्या प्रयत्नांनी ओसरतो, कारण भौतिक व गणित यांची इंग्रजी मर्यादित असते. दोन-तीनशे शब्द आणि वाक्यांचे मोजके साचे. गणिताचा अडसर मात्र आठवी-नववीपासूनच्या कच्च्या पायात असतो, आणि अकरावीच्या धावपळीत तो पाया नव्याने भरायला कोणालाच सवड नसते.

त्या मुलीचे काय झाले असते

वर कल्पिलेल्या मुलीला नावेचे गणित इंग्रजीतून सुटले नाही, मराठीत सांगताच तिने ते दहा मिनिटांत सोडविले, असे समजू. तिचा अडसर भाषेचा. तिने अद्याप काही ठरविलेले नसले तरी विज्ञान घ्यावे, आणि गणित सोडू नये. जीवशास्त्र आवडत असेल तर दोन्ही विषय ठेवावेत; ओझे वाढते, पण निर्णय लांबविण्याची ती प्रामाणिक किंमत आहे. पसंतीक्रमात मात्र पहिल्या क्रमांकावर नावाजलेले महाविद्यालय टाकण्यापूर्वी तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. अकरावीला गणित शिकविणारे नियमित शिक्षक आहेत का? प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची उपकरणे वापरात आहेत, की कपाटात कुलूपबंद आहेत? आणि घरापासून तेथवरची बस सकाळी वेळेवर पोचते का? अक्कलकुवा किंवा धडगाव भागातील मुलाचे रोज चार तास प्रवासात जाणार असतील, तर वसतिगृहाचा प्रश्न शाखेच्या प्रश्नाआधी सोडवावा लागेल.

एका गोष्टीपासून तिने विशेष सावध राहावे. अलीकडे अकरावीचा प्रवेश एका महाविद्यालयात केवळ नावापुरता घ्यायचा आणि दोन वर्षे दूरच्या शहरातील शिकवणी वर्गात काढायची, अशी पद्धत बोकाळली आहे. ज्याने वैद्यक किंवा अभियांत्रिकी पक्के केले आहे, त्याच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. परंतु ज्याने काहीच ठरविलेले नाही, त्याने शेतीवर कर्ज काढून अशा वर्गाची फी भरणे हा व्यवहार उलटा आहे. निर्णय मोकळा ठेवण्यासाठी विज्ञान घेतले, आणि भरलेल्या पैशाने त्याच निर्णयाला बांधून घेतले, असे होते. मग नको असलेल्या परीक्षेची दुसरी, तिसरी खेप सुरू होते, कारण पैसे गुंतलेले असतात.

प्रवेशानंतरही एक तारीख ठरवून ठेवावी. दिवाळीच्या सुमारास अकरावीच्या पहिल्या सत्राचे गुण येतात. तेथे प्रात्यक्षिके बाजूला ठेवून केवळ लेखी गुण पाहावेत. गणित, भौतिक व रसायन यांपैकी दोन विषयांत ते चाळीस टक्क्यांच्या खाली असतील आणि मूल रोज अभ्यास करीत असेल, तर ती आळसाची खूण नव्हे. वाट चुकल्याची आहे. तेव्हा रागावण्याऐवजी पुढचा नकाशा बदलावा. बारावी विज्ञान नीट पूर्ण करून विधी, बी.बी.ए., बी.सी.ए. किंवा वाणिज्य पदवीकडे जाता येते. वर्ष वाया जात नाही. मात्र हे दिवाळीला ठरविणारा विद्यार्थी बारावीनंतरच्या सुटीत पुस्तपालनाची ओळख करून घेतो, आणि बारावीच्या निकालानंतर ठरविणारा मनाने खचून तेथे पोचतो.

वाणिज्य : पण गणितासह

आता दुसरी बाजू. चाचणीत नावेच्या गणिताने ज्याला काहीच वाटले नाही, पण मिरचीच्या व्यापाऱ्याच्या कोड्याने ज्याची झोप उडाली, त्या मुलाने ८५ टक्के असले तरी बेलाशक वाणिज्य घ्यावे. ‘एवढे गुण असून कॉमर्स?’ या प्रश्नाला पालकांनी मुलाच्या वतीने उत्तर द्यायला हवे. वस्तू व सेवा कर २०१७ साली आल्यापासून तालुक्याच्या ठिकाणचा लहान व्यापारीही दरमहा किंवा दर तिमाहीस विवरणपत्र भरणारा झाला. पतपेढ्या, साखर कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्वांना हिशेब लिहिणारा व त्याचा अर्थ सांगणारा माणूस हवा असतो, आणि तो गावातलाच असला तर अधिक बरे. सी.ए.ची वाट कठीण खरी. पण तेथे दुसऱ्या टप्प्यानंतर दोन वर्षे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी असते, तिचे विद्यावेतन मिळते, आणि परीक्षा इंग्रजीप्रमाणे हिंदीतूनही देता येते. अभ्यासक्रमाची फी वैद्यकीय किंवा खासगी अभियांत्रिकी शिक्षणाच्या तुलनेत पुष्कळच कमी असते.

अट एकच. वाणिज्य शाखेत अनेक ठिकाणी चिटणिसाची कार्यपद्धती आणि गणित व संख्याशास्त्र यांतून एक विषय निवडावा लागतो. बहुतेक मुले गुण सहज मिळतात म्हणून पहिला विषय घेतात. ज्याने काहीच ठरविलेले नाही, त्याने शक्य असेल तेथे गणित घ्यावे. सी.ए. फाउंडेशनच्या चार विषयांतील एक, संख्यात्मक अभियोग्यता, हा व्यापारी गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचाच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विशेष पदवीला बारावीचे गणित लागते. व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षा आणि बँकांच्या भरती परीक्षा आकडेमोडीवरच उभ्या असतात. वाणिज्यातही दारे उघडी ठेवणारा विषय तोच, जो विज्ञानात आहे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन ‘वाणिज्य शाखेस गणित शिकविता का?’ एवढे विचारावे. अनेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. एकाच गावातील दहा-पंधरा पालकांनी मिळून मागणी केली, तर त्या विषयाची तुकडी सुरू करण्याचा विचार संस्थांनाही करता येईल. एकट्या पालकाच्या विनंतीने ते होत नाही.

आणि ज्याला मराठीत सांगूनही गणित सुटले नाही, हिशेबातही ज्याचे मन रमले नाही, त्याचे काय? त्याला विज्ञान की वाणिज्य हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. कला शाखा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखादा व्यवसाय किंवा व्यवसाय अभ्यासक्रम यांकडे त्याच्यासाठी पाहावे. केवळ दोनच नावे घरात उच्चारली जातात म्हणून त्यांतील एकात त्याला ढकलू नये.

सल्ला देणाऱ्याचे काम

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सर्वांत मागे होता. तेव्हाच्या ६४.३८ टक्के साक्षरतेचा अर्थ असा की, आज दहावी झालेल्या अनेक मुलांच्या घरी अर्ज वाचून दाखविणारेही कोणी नाही. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शासकीय तंत्रनिकेतन आहे, शहाद्याला अभियांत्रिकी व औषधनिर्माण महाविद्यालये आहेत. दारे जिल्ह्यात आली. परंतु त्या दारापर्यंत कोणत्या मुलाने कोणत्या वाटेने जावे, हे सांगणारा बहुधा एकच असतो : शाळेचा शिक्षक, किंवा गावात जाणारा-येणारा कार्यकर्ता. त्याचे एक वाक्य त्या घरात शेवटचे वाक्य ठरते.

म्हणून ‘विज्ञान घे, रस्ते मोकळे राहतात’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्याने मुलाची गुणपत्रिका मागून घ्यावी, अंतर्गत गुण वजा करावेत, गळालेला विषय कोणता ते पाहावे आणि एक उदाहरण त्याच्या बोलीत सांगून त्याच्याकडून सोडवून घ्यावे. याला एक तास लागतो. संगणकावरील पहिल्या पसंतीचा चौकोन भरण्यास एक मिनिटही लागत नाही. पण तो भरल्यावर मुलाची दोन वर्षे त्यात जातात. तो एक तास दिल्याखेरीज कोणीही त्या चौकोनात दुसऱ्याच्या मुलाचे उत्तर लिहू नये.